आवाज बंद असताना वाचल्या जाणाऱ्या ओळी कशा लिहायच्या?

प्रश्न: मी छोटे माहितीचे व्हिडिओ करते. बरेच लोक ते आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून खाली कॅप्शन टाकते. पण ओळी वाचून व्हायच्या आतच निघून जातात, असं सगळे सांगतात. कॅप्शन जास्त वेळ ठेवली तर ती बोलण्याच्या मागे पडते. ओळी लहान कशा करायच्या?

उत्तर:

कॅप्शन लहान करण्याचं काम कॅप्शन टाकताना होत नाही. ते संहिता लिहिताना करावं लागतं. आधी मोठी वाक्यं बोलून घ्यायची आणि मग तीच छाटून खाली टाकायची, असं केलं की बोलणं एक आणि लिहिलेलं दुसरंच असं होतं. आवाज चालू ठेवून वाचणाऱ्याला, विशेषतः ज्याला कमी ऐकू येतं आणि जो ओठ, आवाज, अक्षर असं सगळं मिळून समजून घेतो त्याला, हा फरक फार त्रास देतो. म्हणून वाक्य कॅप्शनएवढंच लिहायचं आणि तेच बोलायचं.

मी स्वतः दुरुस्तीच्या छोट्या व्हिडिओंच्या संहिता लिहितो. सायकलच्या पंक्चरवरच्या व्हिडिओसाठी मी आधी हे वाक्य लिहिलं होतं:

"बऱ्याचदा असं होतं की आपण सायकलचं पंक्चर काढतो पण दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसलेलं असतं, कारण ज्या काट्यामुळे पंक्चर झालं तो टायरच्या आतून आपण काढलेलाच नसतो."

कानाला यात काहीच खटकत नाही. पण हे 26 शब्द आहेत, ते बोलायला मला साधारण 11 सेकंद लागले आणि कॅप्शनचे पाच तुकडे झाले. तिसरा तुकडा होता "बसलेलं असतं, कारण ज्या काट्यामुळे". आवाज बंद ठेवून बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर दोन सेकंद फक्त एवढंच होतं, आणि त्याला स्वतःचा असा काहीच अर्थ नव्हता.

नंतर ते असं झालं:

```
1
00:00:00,000 --> 00:00:01,500
पंक्चर काढलं.

2
00:00:01,580 --> 00:00:04,580
दुसऱ्या दिवशी
चाक पुन्हा बसलं.

3
00:00:04,660 --> 00:00:07,160
काटा टायरमध्येच
राहिला होता.
```

11 शब्द, सात सेकंद. गोष्ट तीच आहे, पण आता प्रत्येक कॅप्शन आपल्यापुरती पूर्ण आहे. एखादी चुकली तरी पुढची कळते. "बऱ्याचदा असं होतं की", "आपण", "कारण ज्या… तो" हे सगळं गेलं. "कारण" लिहायची गरज उरली नाही, कारण दोन वाक्यं एकामागून एक आली की वाचणारा तो संबंध स्वतः जोडतो. "काढलेलाच नसतो" मधला जोर मात्र मी सोडला नाही, तो "टायरमध्येच" मधल्या "च"वर आणला. आवाज नसेल तर शब्दावर दिलेला दाब ऐकू जात नाही. मराठीत "च", "तर", "सुद्धा" हे शब्द लिहूनही तो दाब दाखवतात, म्हणून छाटताना त्यांना सांभाळा.

वेळेसाठी माझा हिशेब अगदी साधा आहे: दर दोन शब्दांना एक सेकंद, वर अर्धा सेकंद. हा अर्धा सेकंद डोळा चित्रावरून अक्षरावर यायला लागतो. पाच शब्दांची कॅप्शन तीन सेकंद राहील. सहा शब्दांच्या पुढे गेलं की मी वाक्यच तोडतो. नुसतं वाचणं याहून वेगानं होतं, पण इथे वाचणाऱ्याला हातातलं कामही बघायचं असतं. वरच्या वेळांमध्ये दोन कॅप्शनच्या मध्ये बारीक फट आहे, तीही मुद्दाम ठेवलेली आहे. फट नसेल तर ओळ बदलली हे डोळ्याला जाणवत नाही आणि माणूस जुनीच ओळ पुन्हा वाचायला लागतो.

अक्षरं मोजण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सॉफ्टवेअर इथे फसवतं. एका ओळीत 42 अक्षरं चालतात, असा एक आकडा तुम्हाला वाचायला मिळेल. तो प्रामुख्यानं रोमन लिपीच्या आणि मोठ्या पडद्याच्या सवयीतून आला आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं सॉफ्टवेअर वेगवेगळं मोजतं. "विद्यार्थी" हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, सॉफ्टवेअर त्याचे दहा मोजतं. उलट "सायकल" डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो आणि सॉफ्टवेअरला पाचच. म्हणजे त्या आकड्यावरून ओळ किती लांब दिसेल हे कळतच नाही. मी बोटांवर अक्षरं मोजतो. उभ्या व्हिडिओत, मोबाइल हातभर लांब धरून जोडाक्षर स्पष्ट दिसेल एवढा टाइप ठेवला, तर एका ओळीत बारा-तेरा अक्षरं मावतात. अशा दोनच ओळी ठेवायच्या, तिसरी नको. टाइप लहान करून जास्त मजकूर बसवायचा मोह होतो, पण मग "ट्यू" आणि "ट्य" सारखेच दिसायला लागतात.

आता मराठीतली खरी अडचण, आणि यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि "नाही", "नका", "नये" त्याच्याही नंतर. लांब वाक्य दोन कॅप्शनमध्ये फुटलं तर पहिल्या कॅप्शनमध्ये उलटाच अर्थ जाऊ शकतो. त्याच व्हिडिओत मी लिहिलं होतं:

पहिली कॅप्शन: "ओल्या ट्यूबवर पॅच लगेच चिकटतो"
दुसरी कॅप्शन: "असं समजू नका."

ऐकणाऱ्याला यात काही गोंधळ नाही, आवाजाच्या चढावरूनच त्याला पुढचं "नका" कळतं. पण नुसतं वाचणाऱ्यानं पहिली ओळ वाचली, तेवढ्यात त्याचं बोट स्क्रीनवर सरकलं आणि तो पुढच्या व्हिडिओवर गेला. जाताना तो चुकीची गोष्ट शिकून गेला. मी हा तुकडा घरातल्या एकाला आवाज बंद करून दाखवला होता. त्यानं मला विचारलं, "म्हणजे ट्यूब ओली करून पॅच लावायचा का?" त्यानंतर मी तो असा लिहिला:

"ट्यूब ओली आहे?
पॅच चिकटणार नाही."

आता नकार आणि ज्या गोष्टीला नकार आहे ती गोष्ट एकाच कॅप्शनमध्ये आहेत. हा नियम मी कधीच मोडत नाही: नकारार्थी वाक्य एका कॅप्शनमध्ये मावलंच पाहिजे. मावत नसेल तर त्याचं होकारार्थी वाक्य करायचं. "ट्यूब पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर सोल्युशन लावू नये" हे लांब आहे. "आधी ट्यूब सुकवा. मग सोल्युशन." हे मावतं, आणि वाचणाऱ्याला काय करायचं तेही सरळ कळतं.

"जो… तो", "जिथे… तिथे", "जेव्हा… तेव्हा" ही वाक्यंही अशीच. पहिला अर्धा भाग वाचणाऱ्याला दुसऱ्यासाठी ताटकळत ठेवतो. "जिथे फडकं अडकेल तिथे काटा असतो" यापेक्षा "फडकं अडकलं? काटा तिथेच." लहान प्रश्न आणि त्याचं उत्तर हा साचा कॅप्शनमध्ये फार उपयोगी पडतो, पण सलग दोनदा वापरला तर जाहिरातीसारखा वाटायला लागतो. व्हिडिओत दोन-तीन ठिकाणी पुरे.

दोन ओळींची कॅप्शन कुठे तोडायची हे सॉफ्टवेअरवर सोडू नका. ते फक्त रुंदी बघतं. "पंक्चर झालेल्या" एका ओळीत आणि "ट्यूबला" खालच्या ओळीत, किंवा "5" वर आणि "मिनिटं" खाली, असं ते सर्रास करतं. जे शब्द एका दमात बोलतो ते एकाच ओळीत ठेवायचे. "दुसऱ्या दिवशी / चाक पुन्हा बसलं" इथे बोलतानाही आपण तिथेच थांबतो.

हात काम करत असताना मात्र कॅप्शन टाकूच नका. टायरच्या आतून फडकं फिरवताना मी आधी चुकून तीन ओळी बोललो होतो. बघणारा ओळी वाचत राहिला आणि फडकं काट्याला अडकलं तो क्षण त्याच्या नजरेतून सुटला, जो सगळ्या व्हिडिओतला सर्वांत कामाचा होता. आता तिथे असं आहे: "टायर आतून पुसा. बोटानं नाही, फडक्यानं." मग चार सेकंद काहीच अक्षर नाही, फक्त हात. फडकं अडकतं, आणि त्यानंतर "काटा तिथेच" येतं. संहिता लिहिताना मी कागदाचे दोन भाग करतो, डावीकडे काय दिसतंय आणि उजवीकडे काय बोलायचं. डावीकडे हालचाल असेल तिथे उजवीकडची जागा कोरी ठेवतो. बोलायच्या आधी हे ठरलेलं असलं की कॅप्शन बोलण्याच्या मागे पडत नाही, कारण तिथे बोलणंच नसतं.

सुरुवातीचं "नमस्कार, आजच्या व्हिडिओत आपण…" काढून टाका. आवाज बंद असताना तो नमस्कार म्हणजे नुसती वाचायला लागणारी एक ओळ असते, आणि बघणारा थांबायचं की पुढे जायचं हे त्याच दोन-तीन सेकंदांत ठरवतो. पहिली कॅप्शन पहिल्या चित्राबरोबरच यायला हवी, आणि शक्य तितकी दोन-तीन शब्दांची. ती स्क्रीनच्या अगदी तळाशीही नको. तिथे नाव, वर्णन आणि बटणं येतात आणि खालची ओळ त्यांच्यामागे जाते. मधल्या भागाच्या थोडं खाली ठेवा, फक्त हात झाकले जाणार नाहीत एवढं बघा.

झाल्यावर तपासायची एकच पद्धत मला खात्रीची वाटते. ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा कुणालातरी मोबाइल द्या, आवाज बंद ठेवा आणि मधूनच कुठूनतरी सुरू करा. व्हिडिओ मध्येच थांबवून विचारा, "आत्ता काय करायला सांगितलं?" आपण स्वतः तपासलं तर चालत नाही, आपल्याला ओळी पाठ असतात आणि त्या वाचल्यासारख्या वाटतात.

आणि शेवटच्या कॅप्शनला हिशेबापेक्षा एक सेकंद जास्त द्या. छोटा व्हिडिओ संपला की बऱ्याचदा लगेच पहिल्यापासून सुरू होतो. माझी शेवटची ओळ होती "काटा काढा. मगच हवा भरा." ती वाचून व्हायच्या आतच वर "पंक्चर काढलं." येऊन बसायचं, आणि लोक कमेंटमध्ये विचारायचे की शेवटी काय करायचं म्हणालात.