अखलाक : शील, स्वभाव की वळण?

प्रश्न : उर्दूत ‘त्यांचे अखलाक चांगले आहेत’ म्हणजे ते सौजन्यानं वागतात, असं ऐकलं. पण ‘इल्म-ए-अखलाक’ म्हणजे नीतिशास्त्र, आणि ॲरिस्टॉटलच्या ग्रंथालाही अरबीत हेच नाव आहे म्हणे. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे? मराठीत काय म्हणावं?

‘अखलाक’ हे अरबीतलं अनेकवचन आहे. एकवचन ‘खुलुक’. ख-ल-क या धातूपासूनच ‘खल्क’ म्हणजे निर्मिती, घडण हा शब्दही येतो. आपल्या ओळखीचा ‘खालिक’, म्हणजे निर्माता, हाही त्याच घरातला. अरबी लिपीत स्वरचिन्हं दिली नाहीत तर खल्क आणि खुलुक अगदी सारखेच दिसतात. खल्क म्हणजे माणसाची डोळ्यांना दिसणारी घडण, खुलुक म्हणजे आतली. ‘देवा, माझा खल्क जसा सुंदर केलास तसा माझा खुलुकही कर’ अशी एक प्रार्थना परंपरेत आहे, तिच्यात ही जोडी नेमकी दिसते. कुराणात ६८व्या सूरेत पैगंबरांना उद्देशून ‘तू थोर खुलुकाचा आहेस’ असं म्हटलं आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत येत होते, तेव्हा ग्रीकांच्या ‘एथोस’साठी, म्हणजे शीलासाठी, हाच शब्द घेतला गेला. ॲरिस्टॉटलचा ग्रंथ ‘किताब अल-अखलाक’ झाला. निवड उत्तम होती, पण तिनं एक ताण निर्माण केला, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच. ॲरिस्टॉटल शीलाच्या शब्दाचं नातं सवयीच्या शब्दाशी जोडतो. दोन्ही ग्रीक शब्दांत एका स्वराच्या लांबीचाच फरक आहे. अरबी शब्दाच्या शेजारी मात्र सवय नाही, निर्मिती आहे. म्हणजे ग्रीक वाचकाच्या कानाला शील हे कमावलेलं वाटावं, आणि अरबी वाचकाच्या कानाला जन्मतः घडलेलं. मग ते बदलता येतं का? इस्लामी नीतिविचाराचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो.

खुलुकाची जी व्याख्या रूढ झाली ती आली गॅलनकडून. होय, वैद्य गॅलन. शीलावरचा त्याचा मूळ ग्रीक ग्रंथ हरवला आहे. हुनैन इब्न इसहाकनं त्याचं अरबी भाषांतर केलं होतं आणि आज त्याचा अरबी संक्षेप तेवढा हाती आहे. गॅलन म्हणतो, शील म्हणजे मनाची अशी स्थिती, जिच्यामुळे माणूस विचार न करता, निवड न करता कृती करतो. त्याचा आधार साधा होता: तान्ही मुलं आणि जनावरं विचार करत नाहीत, तरी एखादं भित्रं असतं, एखादं धीट.

ही व्याख्या मिस्कवैहनं उचलली. हा इराणातल्या रय शहरचा, बुवैही सत्ताधीशांच्या पदरी वाढलेला. वजीर इब्न अल-अमीदच्या ग्रंथालयाचा तो ग्रंथपाल होता, आणि १०३० मध्ये वारला. त्याच्या ‘तहजीब अल-अखलाक’चा अर्थ अखलाकांवर संस्कार करणं. खुलुक दोन वाटांनी येतो, असं तो म्हणतो. एक शरीरप्रकृतीतून: जरा खुट्ट झालं की दचकणारा, क्षुल्लक कारणानं भडकणारा माणूस. दुसरा सवयीतून: सुरुवातीला विचार करून, मनाविरुद्धसुद्धा केलेली गोष्ट हळूहळू विचाराशिवाय होऊ लागते. गॅलनची व्याख्या आणि ॲरिस्टॉटलची सवय त्यानं अशी एकत्र आणली.

बदलाच्या प्रश्नावर त्याचं उत्तर तर्कशुद्ध आहे. प्रत्येक खुलुक बदलू शकतो. जे बदलू शकतं ते निसर्गदत्त नसतं (दगड कितीही वेळा वर फेकला तरी वर जायला शिकत नाही, हे उदाहरण ॲरिस्टॉटलचं). म्हणून कोणताही खुलुक निसर्गदत्त नाही. पहिलं विधान खरं कशावरून? तर मुलांना शिकवून ती बदलतात हे आपण पाहतो, आणि शीलं बदलत नसती तर शिक्षणाला आणि ईश्वरी शरियतीलाही काही अर्थ उरला नसता. मिस्कवैहसाठी शरियत म्हणजे नुसते विधिनिषेध नव्हेत. लहान वयात चांगल्या कृतीची सवय लावणारी ती शिकवण आहे.

त्यानं याचं एक सुरेख उदाहरण दिलं आहे. ‘इन्सान’ हा शब्द काही जण ‘निस्यान’ म्हणजे विस्मरण याच्याशी जोडत. मिस्कवैह तो ‘उन्स’शी, म्हणजे जिव्हाळ्याशी, जोडतो. माणूस स्वभावतः माणसाकडे ओढला जातो, आणि ही ओढ जपावी म्हणून धर्मानं लोकांना दिवसातून ५ वेळा मशिदीत एकत्र बोलावलं, एकट्याच्या नमाजपेक्षा सामुदायिक नमाज श्रेष्ठ ठरवला. रोज मोहल्ला भेटतो, शुक्रवारी शहर, दोन ईदांना आसपासची गावंही, आणि आयुष्यात एकदा, मक्केत, दूरदूरच्या देशांची माणसं. ॲरिस्टॉटलचा मैत्रीवरचा विचार इथे नमाजच्या वेळापत्रकात बसवला आहे. धर्मनिष्ठ वाचकाला हे अपुरं वाटू शकतं, कारण नमाज आधी ईश्वरासाठी असते. मिस्कवैहची बाजू ग्रीकांकडे थोडी झुकलेली आहे, हे मान्य करायला हवं.

तोल दुसऱ्या बाजूनं सावरला तो गझालीनं. तूसचा गझाली (१०५८–११११) बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होता. १०९५ मध्ये त्यानं ते पद सोडलं, आणि पुढे ‘इह्या उलूम अल-दीन’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात खुलुकाची व्याख्या येते ती जवळपास तीच: मनात रुजलेली अशी स्थिती, जिच्यातून कृती सहज, विचाराची गरज न पडता घडतात. पुढच्या वाक्यात मात्र तो भर घालतो: त्या कृती बुद्धीच्या आणि शरियतीच्या, दोन्हींच्या दृष्टीनं प्रशंसनीय असतील, तरच त्या स्थितीला सुशील म्हणायचं. ग्रीक चौकट आणि धार्मिक कसोटी कशी एकत्र आली हे ज्याला पाहायचं आहे, त्यानं ही दोन वाक्यं वाचावीत.

मग तो काटेकोर होतो. खुलुक म्हणजे कृती नव्हे, कृतीची ताकद नव्हे, तिचं ज्ञानही नव्हे. एखाद्याचा खुलुक दातृत्वाचा असेल, पण हाती पैसा नसल्यानं तो देत नसेल. दुसरा कंजूष असेल, पण लोकांनी वाहवा करावी म्हणून देत असेल. देण्याची उपजत ताकद तर दोघांतही असू शकते, आणि देणं चांगलं हे दोघांनाही ठाऊक असतं. कधीतरी एकदा हात सैल सोडला म्हणून कुणी दाता ठरत नाही. देणं मनात रुजलेलं हवं आणि ते जड जाऊ नये. दिखाऊ दानाबद्दलची धर्मातली जुनी सावधगिरी इथे तत्त्वज्ञानाच्या भाषेत आली आहे.

दातृत्व नसलेल्यानं काय करायचं? गझाली सुलेखनकाराचं उदाहरण देतो. ज्याला सुंदर अक्षर हवं त्यानं सुलेखनकार हातानं जे करतो ते करत राहावं. आधी ते ओढूनताणून होतं, मग अक्षर आपोआप तसं येऊ लागतं. तसंच ज्याला दाता व्हायचं आहे त्यानं मनावर जोर देऊन देत राहावं. मर्यादाही तो सांगतो. खजुराची बी म्हणजे खजुराचं झाडही नाही, सफरचंदाचंही नाही; जोपासली तर खजूर होईल, सफरचंद कधीच होणार नाही. राग आणि वासना मुळासकट उपटता येत नाहीत, आणि तसं कुणी सांगितलेलंही नाही. त्यांना शिस्त लावता येते.

किती राग, किती खर्च, हे ठरवायला मिस्कवैह आणि गझाली दोघांकडेही ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग आहे. मनाचे तीन भाग, बुद्धी, क्रोध आणि वासना, ही मांडणी प्लेटोची. बुद्धीचा सद्गुण हिकमत, क्रोधाचा शुजाअत म्हणजे शौर्य, वासनेचा इफ्फत म्हणजे संयम; आणि तिघांचा मेळ जमला की अदालत, म्हणजे न्याय. शौर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधलं. गझाली याला कुराणातली वचनं जोडतो: खर्च करताना जे उधळत नाहीत आणि हात आखडतही नाहीत, त्यांची २५व्या सूरेतली प्रशंसा. मग म्हणतो, खरा मध्य केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार असतो, तो अढळपणे कुणाला साधणार? म्हणूनच श्रद्धावानाला ‘आम्हाला सरळ मार्ग दाखव’ ही प्रार्थना दिवसातून १७ वेळा म्हणावी लागते. ॲरिस्टॉटललाही मध्य गाठणं अवघड वाटत होतं, पण तिथे उपाय होता अनुभवी माणसाची विवेकबुद्धी. इथे तिच्या जोडीला याचना आली.

जाता जाता: या चारांतले दोन शब्द मराठीत फारसीमार्गे आले आणि बदलले. अदालत हे कोर्टाचं नाव झालं. हिकमत म्हणजे आपल्याकडे युक्ती, क्लृप्ती. या ग्रंथकारांच्या हिशेबात बुद्धी नको तिथे, नको तशी वापरली तर ती ‘जरबजा’, म्हणजे हिकमतीच्या जास्तीकडचा दुर्गुण. आपली ‘हिकमती’ व्यक्ती कधीकधी तिकडे झुकते.

आता सौजन्याचा अर्थ. सुमारे १२३५ मध्ये नसीरुद्दीन तूसीनं कुहिस्तानच्या इस्माइली अधिपतीसाठी ‘अखलाक-ए-नासिरी’ फारसीत लिहिलं. मिस्कवैहचा ग्रंथ त्याच्या पहिल्या भागाचा आधार आहे. त्यापुढे तूसीनं घर आणि राज्य यांवरचे भाग जोडले. त्यात मुलांनी कसं बोलावं, कसं बसावं, कसं जेवावं हेही येतं. हिंदुस्थानात हे पुस्तक खूप वाचलं गेलं. अकबराला वाचून दाखवल्या जाणाऱ्या ग्रंथांत अबुल फजल त्याचं नाव देतो. आत्म्याच्या स्थितीपासून ताटावरच्या वागण्यापर्यंत सगळं एका नावाखाली आलं, तेव्हा उर्दूतल्या ‘अखलाक’मध्ये दोन्ही अर्थ शेजारी असणं मला स्वाभाविक वाटतं.

मराठीत शास्त्रासाठी ‘नीतिशास्त्र’च ठेवा. ‘त्यांचे अखलाक चांगले आहेत’ याला ‘फार सुशील माणूस’ चालेल. पण मिस्कवैह किंवा गझालीचा मजकूर मराठीत आणताना खुलुकासाठी ‘स्वभाव’ वापरू नका. आपण ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणतो, आणि त्यांचा सगळा खटाटोप औषध आहे हे सांगण्यासाठी होता. ‘शील’ जवळचा आहे, पण त्यात चांगुलपणा आधीच धरलेला असतो, तर खुलुक वाईटही असतो. मी ‘वळण’ घेईन. वळण चांगलं असतं, वाईट असतं, लावावं लागतं, अंगवळणी पडतं. आणि अक्षरालाही वळणच असतं, त्यामुळे गझालीचं सुलेखनाचं उदाहरण मराठीत एकाच शब्दात बसतं. अडचण एकच: मिस्कवैहचा पहिला प्रकार, शरीरप्रकृतीतून आलेला, ‘वळणा’त मावत नाही. त्या जागी ‘उपजत वळण’ असं दोन शब्दांत लिहावं.