ऑपरेटिंग लीज आणि फायनान्स लीज: ताळेबंदात लीज लायबिलिटी कुठून येते?

प्रश्न: एका रिटेल कंपनीचा वार्षिक अहवाल वाचतोय. कंपनी म्हणते आम्ही कर्जमुक्त आहोत, पण ताळेबंदात ‘लीज लायबिलिटी’ म्हणून मोठी रक्कम दिसते. दुकानं तर भाड्याचीच आहेत, मग भाडं हे देणं कसं झालं? ऑपरेटिंग लीज ताळेबंदात येत नाही असं कॉलेजात शिकलो होतो. शिवाय मागच्या नोटमध्ये याच देण्याचा आकडा वेगळाच, जास्त दिला आहे. तो का?

उत्तर:

कॉलेजात शिकलात ते तेव्हा बरोबरच होतं. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लीजचं नवं भारतीय लेखा मानक लागू झालं आणि भाडेकरू कंपनीपुरता हा फरक जवळजवळ संपला.

आधीचा नियम असा होता. मालमत्तेच्या मालकीबरोबर येणारी जोखीम आणि फायदे जवळपास सगळे भाडेकरूकडे गेले असतील तर ती फायनान्स लीज. उदाहरणार्थ, एखादं मशीन त्याच्या आयुष्याच्या बहुतेक काळासाठी घेतलं आणि शेवटी नाममात्र किमतीला ते आपलंच होणार असेल, तर नाव लीजचं असलं तरी व्यवहार हप्त्याने खरेदीचा. म्हणून मशीन आणि देणं दोन्ही ताळेबंदात. बाकी सगळ्या ऑपरेटिंग लीज. त्यांचं भाडं दरवर्षी खर्चात जायचं आणि पुढच्या वर्षांचं बांधील भाडं फक्त टिपांमध्ये दिसायचं. अडचण अशी की करार जरा वेगळा लिहिला की तोच व्यवहार या बाजूचा त्या बाजूला जायचा, आणि तसे करार लिहून देणारे लोकही होते. आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी गमतीने म्हणायचे, की मरण्यापूर्वी एकदा तरी विमान कंपनीच्या ताळेबंदात असलेल्या विमानात बसायची इच्छा आहे. विमानं आकाशात, देणी टिपांमध्ये, असा तो मामला होता.

नव्या मानकाचा विचार सरळ आहे. पाच वर्षांसाठी दुकान घेतलं आणि मधेच सोडता येत नसेल, तर पाच वर्षांचं भाडं देण्याची बांधिलकी आजच तयार झाली. ती देणं म्हणून दाखवा आणि त्याबदल्यात मिळालेला वापराचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवा. ताळेबंदात ‘राइट ऑफ यूज ॲसेट’ दिसते ती हीच.

आता आकडे लावू. समजा कंपनीने पाच वर्षांसाठी एक दुकान घेतलं, भाडं वर्षाला १२ लाख. सोपं जावं म्हणून ते वर्षाअखेरीस एकदम दिलं जातं असं धरू. एकूण भाडं ६० लाख, पण देणं ६० लाख दाखवत नाहीत, कारण पाचव्या वर्षी द्यायच्या १२ लाखांची आजची किंमत १२ लाख नसते. मग व्याजदर कुठला धरायचा? करारात दडलेला दर कळत असेल तर तो. दुकानाच्या बाबतीत भाडेकरूला तो सहसा कळत नाही. म्हणून तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर, तेवढी रक्कम बँकेकडून उचलली असती तर कंपनीला जो दर पडला असता तो धरतात. समजा १० टक्के. त्या दराने पाच हप्त्यांची आजची किंमत ४५.४९ लाख येते. पहिल्या दिवशी देणं ४५.४९ लाख आणि मालमत्ताही तेवढीच. प्रत्यक्षात दलाली, आगाऊ दिलेलं भाडं, बिनव्याजी डिपॉझिटचा काही भाग यांनी मालमत्तेचा आकडा थोडा वाढतो, ते इथे सोडून देऊ.

पहिल्या वर्षी देण्यावर १० टक्क्यांनी ४.५५ लाख व्याज चढतं. वर्षाअखेरीस १२ लाख भाडं दिलं की त्यातले ४.५५ लाख व्याजापोटी जातात, उरलेल्या ७.४५ लाखांनी देणं कमी होतं आणि ३८.०४ लाख शिल्लक राहतं. मालमत्तेवर दरवर्षी सारखा घसारा, ४५.४९ भागिले ५ म्हणजे ९.१० लाख. म्हणजे नफा-तोटा पत्रकात भाडं नावाची ओळच उरत नाही. तिच्या जागी घसारा आणि व्याज मिळून पहिल्या वर्षी १३.६५ लाख खर्च पडतो, खिशातून गेले फक्त १२ लाख असले तरी. व्याज उतरत जातं, त्यामुळे चौथ्या वर्षी खर्च १२ लाखांच्या खाली येतो आणि पाचव्या वर्षी १०.१९ लाख होतो. पाच वर्षांची बेरीज मात्र ६० लाखच. नवी दुकानं धडाधड उघडणाऱ्या कंपनीचा नफा या मानकामुळे सुरुवातीला दबलेला दिसतो, त्याचं कारण हे.

पहिल्या वर्षाअखेरीस ताळेबंदात ३८.०४ लाखांचे दोन तुकडे दिसतील. पुढच्या बारा महिन्यांत फिटणारं चालू देणं आणि उरलेलं दीर्घ मुदतीचं. चालू भाग १२ लाख आहे असं समजून बसणारे बरेच असतात. पण पुढच्या वर्षीच्या १२ लाखांतले ३.८० लाख अजून न चढलेलं व्याज आहे, म्हणून चालू भाग ८.२० लाख आणि दीर्घ मुदतीचा २९.८४ लाख. मालमत्ता तोवर ३६.३९ लाखांवर आलेली असते, म्हणजे देण्यापेक्षा १.६५ लाखांनी कमी. पहिल्या वर्षी भाड्यापेक्षा जो जास्त खर्च पडला, तोच हा फरक.

‘कर्जमुक्त’ म्हणणं खोटं आहे का? तांत्रिकदृष्ट्या नाही. कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ नुसार लीज लायबिलिटीची ओळ कर्जाच्या ओळीपासून वेगळी असते, आणि कंपनी फक्त वरच्या ओळीबद्दल बोलतेय. माझं मत विचाराल तर मी दोन्ही धरून बघतो, पण एका अटीवर: व्याज, कर आणि घसाऱ्यापूर्वीचा नफा, म्हणजे एबिट्डा, वापरणार असाल तर. वरच्या उदाहरणात एबिट्डा १२ लाखांनी वाढलाय, कारण भाडं त्याच्या वरच्या बाजूने गायब होऊन खाली घसारा-व्याजात गेलंय. नफा भाड्याआधीचा आणि कर्ज मात्र भाड्याशिवायचं, अशी सांगड घालून कंपनी स्वस्त ठरवणारे लेख पुष्कळ दिसतात. रोख प्रवाह पत्रकातही हाच खेळ आहे. भाड्याची रक्कम आता वित्तीय प्रवाहात दाखवतात, त्यामुळे कामकाजातून आलेली रोकड फुगलेली दिसते. मोकळी रोकड काढताना लीजचे हप्ते आधी वजा करा.

या आकड्यात अंदाज कुठे शिरतो ते सांगणं जास्त गरजेचं आहे. सगळ्यात मोठा अंदाज मुदतीचा. आपल्याकडच्या व्यावसायिक करारांत लॉक-इन असतं. समजा वरच्या पाच वर्षांच्या करारात लॉक-इन तीनच वर्षांचं आहे आणि त्यानंतर भाडेकरू नोटीस देऊन सोडू शकतो. मग मुदत तीन धरायची की पाच? मानक म्हणतं, भाडेकरू राहणार हे ‘वाजवीपणे निश्चित’ असेल तर पाच. दुकानाच्या सजावटीवर भरपूर खर्च केलाय, जागा मोक्याची आहे, तर तिसऱ्या वर्षी कोणी उठून जाणार नाही, हा युक्तिवाद बळकट होतो. तीन वर्षं धरली तर देणं २९.८४ लाख, पाच धरली तर ४५.४९ लाख. तीच जागा, तोच करार, फरक दीडपट. त्यामानाने व्याजदर १० ऐवजी ८ टक्के घेतला तर आकडा ४७.९१ लाख होतो, म्हणजे फार हलत नाही. म्हणून दोन रिटेल कंपन्यांची तुलना करताना मी आधी टिपांमध्ये मुदत कशी ठरवली ते वाचतो, दर नंतर.

दुसरी गोष्ट, विक्रीवर टक्केवारीने ठरणारं भाडं देण्यात धरतच नाहीत. मॉलमध्ये ‘किमान हमी भाडं किंवा विक्रीचा अमुक टक्का, यातलं जास्त असेल ते’ असा करार असतो. त्यातली फक्त किमान हमी ताळेबंदात येते, वरचं त्या-त्या वर्षी खर्चात. मॉलवर भर असलेल्या कंपनीचं देणं त्यामुळे कमी दिसू शकतं. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या लीजलाही सूट घेता येते. ११ महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार त्यात बसतात, पण करारात नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूच्या हातात असेल आणि तो वापरणारच हे दिसत असेल, तर नुसत्या ११ आकड्यामागे लपता येत नाही.

परकीय चलनातली लीज असेल तर आणखी एक वळण. इंडिगोसारख्या कंपनीची विमान-भाडी बहुतांशी डॉलरमध्ये असतात. रुपया घसरला की देणं नव्या दराने मोजावं लागतं, मालमत्ता मात्र जुन्याच दरावर राहते, आणि फरक तोटा म्हणून थेट निकालात उतरतो. तिमाही निकालांच्या बातम्यांत विनिमय तोट्याचा उल्लेख येतो, त्यात याचा मोठा वाटा असतो.

जुना भेद मात्र तीन ठिकाणी जिवंत आहे. मालमत्ता भाड्याने देणाऱ्याला आजही लीज ऑपरेटिंग की फायनान्स ते ठरवावंच लागतं: ऑपरेटिंग असेल तर इमारत त्याच्याच ताळेबंदात राहते, फायनान्स असेल तर इमारत निघून तिथे भाडेकरूकडचं येणं बसतं. इंड एएस लागू नसलेल्या कंपन्या, आणि आपल्या बँकाही, अजून जुन्या एएस १९ वर आहेत, त्यामुळे बँकेच्या ताळेबंदात शाखांच्या भाड्याचं असं देणं शोधू नका. तिसरी अमेरिका. तिथे देणं ताळेबंदात येतं, पण ऑपरेटिंग लीजचा खर्च भाड्यासारखा दरवर्षी सारखा, एकाच ओळीत दाखवतात. म्हणून अमेरिकी आणि भारतीय रिटेल कंपनीचा एबिट्डा शेजारी ठेवायचा नाही.

राहिला नोटमधला मोठा आकडा. ते तक्ते मुदतीनुसार रक्कम देतात, एक वर्षाच्या आत, एक ते पाच, पाचच्या पुढे, आणि त्यात व्याज वजा केलेलं नसतं. आपल्या दुकानासाठी पहिल्या वर्षाअखेरीस तिथे उरलेल्या चार भाड्यांचे ४८ लाख दिसतील, ताळेबंदात ३८.०४ लाख. मधले ९.९६ लाख म्हणजे पुढच्या चार वर्षांत चढणारं व्याज. तुमच्या कंपनीच्या अहवालात हा फरक देण्याच्या मानाने फारच मोठा असेल, तर लीज लांब मुदतीच्या आहेत किंवा दर चढा धरलाय. कुठलं ते तिथल्याच ‘पाच वर्षांच्या पुढे’ या ओळीवरून कळेल.