दोन महिने वापरलेल्या ऑनलाइन कोर्सचे उरलेले पैसे परत मिळतात का?

प्रश्न: मी खानापूरचा. मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षात आहे. जूनमध्ये तिच्यासाठी वर्षाचा ऑनलाइन कोर्स घेतला, ३५,४०० रुपये एकरकमी भरले. लाइव्ह क्लास मराठीत असतील असं फोनवर सांगितलं होतं, निघाले हिंदीत. जुलैअखेर सोडायचं म्हटलं तर कंपनी म्हणते सात दिवसांची मुदत संपली, आता काही मिळणार नाही. दहा महिन्यांचे पैसे असेच सोडायचे काय?

उत्तर:

सोडू नका. मागायची रक्कम साधारण २९,५०० रुपये आहे. ती कशी निघते आणि कंपनी ती कशी कमी करून दाखवते, ते सांगतो. मी आता बेळगावात जीएसटीची कामं करतो, पण आधी काही वर्षं अशाच एका कंपनीच्या रिफंड डेस्कवर होतो. त्यामुळे पलीकडच्या खुर्चीवरून हिशोब कसा दिसतो ते माहीत आहे.

आधी ती सात दिवसांची मुदत. ही मुदत म्हणजे ‘कारण न सांगता पूर्ण पैसे परत’ मिळण्याची खिडकी. कुणी सात दिवस ठेवतं, कुणी चौदा, कुणी तीस. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. उडेमीवर तीस दिवस आहेत, पण कोर्सचा बराच भाग बघितला किंवा डाउनलोड केला असेल तर ते नाकारू शकतात. कोर्सेरावर चौदा दिवस आहेत, पण त्याआधी सर्टिफिकेट मिळालं की खिडकी तिथंच बंद. म्हणून अटींमध्ये दोन गोष्टी शोधा: दिवस कधीपासून मोजलेत (पैसे भरल्यापासून की बॅच सुरू झाल्यापासून), आणि वापराची मर्यादा आहे काय. महिन्याचं सबस्क्रिप्शन असेल तर वेगळं. तिथं रद्द केलं की पुढचा हप्ता कापत नाहीत, चालू महिन्याचे सहसा परत देत नाहीत.

तुमचं प्रकरण या खिडकीच्या पलीकडचं आहे, आणि खरी गंमत तिथंच आहे. खिडकी संपली याचा अर्थ विनाकारण पूर्ण परतावा संपला. न दिलेल्या सेवेचे पैसे कंपनीचेच झाले, असं त्यातून आपोआप ठरत नाही. मात्र ‘मन बदललं’ म्हणून सोडणाऱ्याला उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे परत मिळण्याचा सरसकट कायदेशीर हक्क भारतात नाही. तिथं करार काय म्हणतो ते बघावं लागतं. तुमची बाजू त्याहून भक्कम आहे. मराठी सांगून हिंदी दिलं, म्हणजे ग्राहक कायद्याच्या भाषेत सेवेतील त्रुटी. तक्रारीत ‘सोडायचं आहे’ हे वाक्य पहिलं नको. ‘कबूल केलेली सेवा दिली नाही’ हे पहिलं.

आता हिशोब. ३५,४०० मध्ये फी ३०,००० आणि १८ टक्के जीएसटी ५,४००. बारापैकी दोन महिने वापरले, म्हणजे ५,००० गेले, २५,००० उरले. त्यावरचा जीएसटी ४,५००. एकूण २९,५००. सरळ आहे.

कंपनीचा कागद मात्र असा सरळ येत नाही. पावती काढून बघा, त्यात बहुधा ‘मूळ किंमत ६०,०००, सवलत ५० टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. वापरलेले दोन महिने मग सवलतीच्या दराने नाही, मूळ किमतीने धरतात: महिन्याला ५,०००, दोन महिन्यांचे १०,०००. वर ३,००० नोंदणी शुल्क, ‘परत न मिळणारं’. उरले १७,०००, त्यावर जीएसटी ३,०६०, म्हणजे २०,०६०. तुमच्या आकड्यापेक्षा ९,४४० कमी, आणि कागदावर सगळं नियमानुसार दिसतं. नोंदणी शुल्क पावतीवर वेगळं दाखवलेलं असेल तर त्यावर फार भांडू नका. नंतर उगवलं असेल तर मान्य करू नका. मूळ किमतीच्या दराला मात्र हरकत घ्याच. त्या किमतीला तुम्ही कधी विकत घेतलंच नव्हतं. असा दर लावणार हे अटींत आधीच स्पष्ट लिहिलं असेल तर भांडण अवघड होतं, हेही खरं.

दुसरी युक्ती म्हणजे महिन्यांऐवजी धडे मोजायचे. समजा ऐंशी धडे आहेत आणि सगळे पहिल्याच दिवशी उघडे केले. कंपनी म्हणते, शंभर टक्के ॲक्सेस दिला, शिल्लक शून्य. मुलीने बघितले असतील बारा, म्हणजे पंधरा टक्के. रेकॉर्ड केलेल्या कोर्सला धडे मोजणं एक वेळ समजू शकतं, पण मग बघितलेले मोजा, उघडलेले नव्हे. तुमचे क्लास लाइव्ह आहेत, पुढचे दहा महिने ते अजून झालेलेच नाहीत. तिथं महिन्यांचाच हिशोब योग्य.

‘जीएसटी सरकारजमा झाला, तो परत देता येत नाही’ असं सांगितलं तर ऐकू नका. कंपनी क्रेडिट नोट काढून आपला कर कमी करून घेऊ शकते. त्यासाठी त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो. तुम्ही तर त्याच वर्षात मागताय.

आज करायचं काम: ईमेल पाठवा. फोन नको, चॅट नको. हिशोबाची तारीख साधारणपणे लेखी मागणीची धरली जाते, म्हणून उशीर म्हणजे दर महिन्याला २,९५० रुपये जाणार. आणि ईमेलनंतर मुलीला लॉगिन करू देऊ नका. मागणीनंतरचा एक लॉगिनही ‘वापर चालू आहे’ म्हणून दाखवतात. मी स्वतः तसे रिपोर्ट बघितलेत. त्याआधी प्रोग्रेसच्या पानाचा, वेळापत्रकाचा आणि अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काउन्सेलरने ‘मराठीत असतील’ हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर तो मेसेज सगळ्यात मोलाचा. फक्त फोनवर बोलला असेल तर ईमेलमध्ये तारीख घालून लिहा, ‘तुमच्या प्रतिनिधीने असं सांगितलं होतं’. त्यांनी नाकारलं नाही तर तेही पुढे कामाला येतं.

ईमेल तक्रार अधिकाऱ्याच्या नावे पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बऱ्याच कंपन्या इथंच वळणावर येतात.

नाहीच आल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. अटींमध्ये ‘वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात’ असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथं तक्रार करता येते. म्हणजे खानापूरकरांना बेळगावचा आयोग. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार करा आणि मराठी मेसेजचं भाषांतर सोबत जोडा. आपल्या भागात एक भानगड असते: घर इकडे आणि आधारवरचा पत्ता चंदगडचा. तसं असेल तर राहण्याचा पुरावा म्हणून इकडचं वीजबिल किंवा भाडेकरार जोडा, नाहीतर पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील ‘हे बेळगावात येतच नाही, कोल्हापूरला जा’ म्हणून बसेल.