७० चं पाकीट की ११२ चं? नानकटाईच्या एका घाण्याचा हिशेब

मी साताऱ्यात घरी साजूक तुपातली नानकटाई करून विकते. एका घाण्याला मैदा २ किलो, बेसन अर्धा किलो, रवा पाव किलो, पिठीसाखर दीड किलो, तूप दीड किलो (६०० च्या भावाने), शिवाय वेलची-जायफळ आणि पिस्त्याचे काप. सगळं मिळून ५ किलो ८२५ ग्रॅम भरतं, म्हणजे पाव किलोची २३ पाकिटं. सामान १,२७८ रुपये, गॅसचे २० (घरचाच सिलिंडर), मदतीच्या बाईंचे दीड तासाचे १०५ आणि डबे २०७. एकूण १,६१०. म्हणजे पाकीट ७० ला पडतं. माझे स्वतःचे ३ तास जातात, पण ते घरचंच काम. दोन ट्रेचा गॅस ओव्हन ३६,००० ला घेतला आहे. ओळखीत मी पाकीट १३० ला देते. आता एक दुकानदार महिन्याला २०० पाकिटं ११० ने मागतोय. तो १४० ला विकेल आणि न खपलेली परत करेल. पाकिटामागे ४० सुटतील. घेऊ का ऑर्डर?

ताई, या भावाने नको. तुमची बेरीज बरोबर आहे, पण भागाकार चुकलाय, आणि बेरजेतही काही रकमा यायच्या राहिल्यात.

आधी भागाकार बघू. तुम्ही कच्च्या पिठाच्या वजनाला २५० ने भागलंत. पण दुकानात कच्चं पीठ जात नाही. परातीला, हाताला आणि वजनकाट्याच्या भांड्याला मिळून ७५ ग्रॅम तरी चिकटून राहतं. उरलं ५,७५० ग्रॅम. त्याचे २७ ग्रॅमचे गोळे केले तर २१३ नग होतात. नानकटाईत पाणी घालत नाही हे खरं, पण मैदा-बेसनात स्वतःचा ओलावा असतो आणि भाजताना तो उडतो. मी वजनात ५ टक्के घट धरतो. २७ ग्रॅमचा गोळा बाहेर येताना साधारण साडेपंचवीस ग्रॅमचा असतो. मग येते मोडतोड: ट्रेच्या कोपऱ्यातले करपलेले, उचलताना तुटलेले, आणि मुलांनी 'चव बघायला' पळवलेले. शंभरात सहा धरले तर १३ नग गेले. राहिले २००. दहा नगांचं एक पाकीट, म्हणजे २० पाकिटं. तुमच्या २३ मधली ३ पाकिटं कधी तयारच होत नव्हती.

माझे आकडे आंधळेपणाने घेऊ नका. पुढच्या घाण्याला तीन वेळा वजन करा: गोळे वळण्याआधी, भाजून गार झाल्यावर आणि विकण्याजोगा माल निवडल्यावर. सलग चार घाण्यांची सरासरी निघाली की तो तुमचा खरा आकडा. मोडतोड दर वेळी १० टक्क्यांच्या वर जात असेल, तर बहुधा नानकटाई गरम असतानाच ट्रेवरून उचलली जातेय. तुपाची नानकटाई गरम असताना मऊ असते, दहा-पंधरा मिनिटं ट्रेवरच राहू दिली की घट्ट होते. एकाच कोपऱ्यातले नग करपत असतील तर मात्र दोष ओव्हनचा आहे, अर्ध्या वेळाने ट्रे फिरवून बघा.

चुरा कोणी विकत घेत असेल तर ते पैसे वरकमाई समजा. पाकिटाचा भाव ठरवताना मी त्याचा रुपयाही धरत नाही.

आता सामान. यात मोठी चूक तुपाची आहे. ६०० रुपये हा लिटरचा भाव, आणि तुम्ही घालता किलोने. एक लिटर तूप भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे दीड किलोला सुमारे १.६५ लिटर लागतं, त्याचे ९०० नाही तर ९८९ रुपये झाले. (दिवाळीच्या लाडवांचा हिशेब मांडताना मी स्वतः हीच चूक केली होती, आणि घरच्यांनी ती वर्षभर ऐकवली.) त्यामुळे सामान १,२७८ चं १,३६७ होतं. सामानाच्या बिलात लागलेला जीएसटीही खर्चातच राहू द्या. तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर तो तुम्हाला परत मिळत नाही.

गॅसचे २० रुपये कुठून आले ते कळलं नाही, बहुतेक अंदाजाने. अंदाज नको, सिलिंडर काट्यावर ठेवा. घाणा सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. तुमच्यासारख्या दोन ट्रेच्या ओव्हनला तासाला साधारण ४५० ग्रॅम गॅस धरू. ओव्हन तापायला २५ मिनिटं, मग २१३ नगांच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी २५ मिनिटांच्या. १०० मिनिटांत पाऊण किलो गॅस जातो. आणि भाव घरगुती सिलिंडरचा लावू नका, कारण विक्रीच्या मालासाठी तो वापरायला परवानगी नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागेल. किलोला ९२ रुपये धरले तर घाण्याला ६९ होतात. तुमच्या एजन्सीचा आजचा दर घालून बघा.

डब्याचे ९ रुपये तुम्ही घेतलेत. पण डब्यावर लेबल लागतं, त्यावर एमआरपी, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा नंबर छापावा लागतो. लेबलचे अडीच रुपये, सील-टेपचा एक आणि दुकानात न्यायच्या खोक्याचा वाटा दीड. पाकिटाला १४ रुपये, वीस पाकिटांना २८०. निव्वळ वजनाचं आणखी एक आहे. २५० छापलं की पाकिटं सरासरीने २५० च्या खाली भरलेली चालत नाहीत. म्हणूनच मी गोळा २७ चा धरलाय. दहा नग २५६ ग्रॅमच्या आसपास जातात, आणि ते वरचे सहा ग्रॅम तुम्ही फुकट देता. गोळे वळणारा हात एकसारखा झाला की २६.५ चा गोळा करता येईल, आज नको.

ओव्हन पाच वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला ६०० रुपये त्याचे. वीज, साबण, बटर पेपर, नोंदणी आणि दुकानात माल पोचवायचं पेट्रोल यांचे आणखी ६०० धरतो. महिन्याला १० घाणे म्हणजे घाण्यावर १२० पडतात.

राहिली मजुरी. बाईंना तुम्ही तासाला ७० देता. स्वतःच्या ३ तासांचं शून्य मांडलंत. उद्या तुमचा हात दुखावला तर तुमच्या जागी जिला बसवाल ती फुकट येईल का? तूप फेटणं आणि भाजणीवर लक्ष ठेवणं हे हुशारीचं काम आहे, त्याला मी तासाला १०० धरतो. ३०० तुमचे आणि १०५ बाईंचे मिळून ४०५.

आता बेरीज. सामान १,३६७, गॅस ६९, मजुरी ४०५, पॅकिंग २८०, वरखर्च १२०. एकूण २,२४१. वीस पाकिटांनी भागलं की पाकीट ११२ ला पडतं.

दुकानदाराचा ११० हा भाव त्यावर ठेवून बघा. पाकिटामागे ४० सुटत नाहीत, २ रुपये कमी पडतात. अर्थात खिशातून पैसे जाणार नाहीत, तुमची मजुरी थोडी कापली जाईल. पण परतीचा माल विसरू नका. २०० पैकी १० पाकिटं जरी परत आली तरी हातात पाकिटाला १०४.५० च पडतात. घाण्याला १५१ रुपयांची तूट, आणि ती तुमच्या ३०० मधूनच जाणार. उरतात १४९, म्हणजे तासाला ५० रुपये. बाईंना ७०, मालकिणीला ५०. ११० चा माझा विरोध इथे आहे.

मग भाव काय सांगायचा? मजुरी आत धरलीच आहे, तरी वर १५ टक्के नफा लागतो. बिघडलेला घाणा, सणाच्या तोंडावर वाढणारं तूप आणि पाच वर्षांनी येणारा ओव्हन यांची सोय त्यातूनच होते. इथे पुष्कळ जण ११२ चे १५ टक्के काढून मिळवतात आणि १२९ वर थांबतात. पण नफा विक्रीच्या भावावर मोजायचा असतो, म्हणून ११२ ला ०.८५ ने भागा. १३२ येतात. परतीचा माल घ्यायचा ठरला तर आधी ११२ ला ०.९५ ने भागा, म्हणजे ११८, मग ०.८५ ने. १३९ येतात, १४० सांगा. दुकानदाराचा मार्जिनही एमआरपीवर असतो. त्याला २० टक्के द्यायचे तर ०.८ ने भागा: परत न घेण्याच्या अटीवर एमआरपी १६५, परत घेण्याच्या अटीवर १७५. एमआरपी १७५ छापून ओळखीत १३० ला देत राहिलात तर दुकानदार महिन्याभरात भांडायला येईल. ओळखीचा भाव हळूहळू १५५-१६० पर्यंत न्यावा लागेल.

त्याला हे महाग वाटलं तर खर्च कमी करायच्या वाटा आहेत, पण त्यातून काय मिळतं ते आधीच सांगतो. एका दिवशी दोन घाणे काढले तर ओव्हन तापवायचा गॅस आणि धुण्या-पुसण्याचा वेळ वाचतो, पण पाकिटाला जेमतेम दोन-सव्वादोन रुपयेच. तूप मोठ्या डब्याने घेतलं तर जास्त फायदा, कारण सामानाच्या खर्चात दर शंभरात ७२ रुपये तुपाचेच आहेत. दोन-तीन घाऊक दुकानांत डब्याचा भाव विचारा, आणि किलोचाच विचारा. वनस्पती वापरलं तर पाकिटाला तीसहून जास्त रुपये वाचतील, पण मग लेबलवर साजूक तूप लिहिता येणार नाही आणि तुमची लढत कोपऱ्यावरच्या बेकरीशी लागेल. ती लढत तुम्ही घरच्या ओव्हनवर जिंकाल असं मला वाटत नाही.

उधारीचंही बोलून घ्या. तुमची मजुरी आणि ओव्हनचा वाटा सोडला तरी २०० पाकिटांत सुमारे १८,८०० रुपये रोख घालावे लागतात. दुकानदार महिन्याने पैसे देणार असेल, तर तेवढी रक्कम कायम अडकलेली राहील. पहिले दोन महिने ४०-४० पाकिटं द्या, मागचे पैसे आले की पुढचा माल, आणि परतीचा माल फक्त पुढच्या खेपेच्या वेळी, फुटलेलं सील चालणार नाही असं ठरवून. एवढ्यालाही तो १३२ च्या खाली अडून बसला तर माल देऊ नका. ओळखीत १३० ला जी पाकिटं जातात, त्यात तुमची मजुरी निघून प्रत्येकी १८ रुपये आजही सुटतात.