मध्यकाच्या सूत्रातला अपूर्णांक कुठून येतो?

प्रश्न: वर्गीकृत सारणीवरून मध्यक काढताना मध्यकीय वर्ग सापडतो, पण पुढे सूत्रात नेमकं काय चालतं ते कळत नाही. वर्गमध्यच मध्यक का धरत नाहीत?

एका दूध संकलन केंद्रावरचे ६० शेतकरी घ्या (आकडे मी सोयीचे धरलेत). ०–४ लिटर घालणारे ८, ४–८ चे १७, ८–१२ चे २०, १२–१६ चे १० आणि १६–२० चे ५.

सगळ्यांना दुधाच्या चढत्या क्रमाने रांगेत उभं करा. निम्मी रांग ३० वर संपते. पहिल्या दोन वर्गांत मिळून २५ जण संपले, म्हणजे तिसऱ्या वर्गात आणखी ५ जण पुढे जायचं. त्या वर्गात २० जण आहेत आणि ते ८ ते १२ लिटरमध्ये सारख्या अंतराने पसरलेत असं आपण मानतो. मग २० पैकी ५, म्हणजे पाव वर्ग ओलांडायचा. ४ लिटरचा पाव १ लिटर, म्हणून मध्यक ८ + १ = ९ लिटर. सूत्र हेच करतं:

L + ((N/2 − cf) / f) × h

वर्गमध्य १० धरला असता तर २० पैकी १० जण पुढे गेल्यासारखं झालं असतं. आपल्याला तर ५ च जायचंय.

इथे L ही मध्यकीय वर्गाची खालची मर्यादा, ८; N एकूण शेतकरी, ६०; f त्या वर्गातले शेतकरी, २०; h वर्गाची रुंदी, ४; आणि cf ही मध्यकीय वर्गाच्या *आधीच्या* वर्गाची संचित वारंवारता, २५. बरेच जण त्याच वर्गाची ४५ घालतात. मग उत्तर ५ येतं, जे ८–१२ च्या बाहेर पडतं. मध्यक त्याच्या वर्गाबाहेर गेला की cf तपासा.

मध्य काढताना मात्र वर्गमध्यच वापरतात: प्रत्येकाचं दूध त्याच्या वर्गाच्या मधोमध आहे असं धरून बेरीज ५४८, भागिले ६०, म्हणजे सुमारे ९.१३ लिटर.

दोन्ही उत्तरं अंदाजच आहेत, हे विसरू नका. मधले २० जण सगळे नेमके ११ लिटर घालत असतील, तर खरा मध्यक ११ आहे आणि सारणी ते सांगूच शकत नाही. ती एवढीच खात्री देते की तो ८ ते १२ च्या दरम्यान आहे.

शेवटचा वर्ग ‘१६ व त्याहून जास्त’ असा उघडा असेल तर त्याचा वर्गमध्यच ठरत नाही, त्यामुळे मध्य अडतो. मध्यक तरीही ९ च येतो, कारण त्याला त्या ५ जणांची फक्त संख्या लागते.

वर्ग ५–८, ९–१२ असे तुटक असतील आणि आकडे जवळच्या पूर्ण लिटरला आणलेले असतील, तर ९–१२ साठी L ८.५ घ्या. पूर्ण झालेल्या वयाच्या सारणीत मात्र तसं करू नका: २०–२९ म्हणजे २० पासून तिसावा वाढदिवस येईपर्यंत, म्हणून तिथे L २० आणि h १०.