फ्लोटिंग गृहकर्जावरचा फोरक्लोजर चार्ज परत मिळेल का?

"मुलुंडचा फ्लॅट विकताना गृहकर्ज बंद केलं. बँकेने बाकी २२ लाखांवर २ टक्के फोरक्लोजर चार्ज घेतला. कर्ज फ्लोटिंग होतं. पैसे परत मिळतील का?"

मिळायला हवेत. कर्ज व्यक्तीच्या नावावर आणि दर फ्लोटिंग असेल, तर रिझर्व्ह बँकेने जून २०१२ पासूनच बँकांना हा चार्ज घ्यायला मनाई केली आहे. कर्ज फेडायला पैसे कुठून आणले, हा प्रश्नच येत नाही.

आधी सँक्शन लेटर काढा. 'व्याजदर: रेपो + अमुक टक्के' आणि 'प्रीपेमेंट चार्ज: शून्य' या ओळी शोधा. माझ्या वेळी पत्रात फ्लोटिंग आणि बँकेच्या सिस्टीममध्ये 'फिक्स्ड' अशी नोंद होती. काउंटरवरची बाई स्क्रीनच दाखवत बसली. मात्र पहिली दोन-तीन वर्षं दर फिक्स्ड असेल आणि त्याच काळात कर्ज फेडलं असेल, तर बाजू लंगडी पडते.

बँकेला द्यायच्या अर्जात सँक्शन लेटरमधल्या या ओळींचा कलम क्रमांक लिहा, फोरक्लोजर स्टेटमेंट जोडा. मागणी ४४,००० ची नको, त्यावरचा १८ टक्के जीएसटी ७,९२० धरून ५१,९२० ची करा. लोक हे हमखास विसरतात. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, फी नाही.