बातमी खरी, पण भाव गेलेला

भाऊ, मुख्य बॉलर बाहेर बसला हे टॉसला कळलं, तू समोरच्या टीमवर वहीत शंभर लिहिले आणि जिंकलास. तरी तो आकडा चुकलाच होता. कसा ते पाहा.

सकाळी त्या टीमचा भाव २.०० होता, म्हणजे शंभर लावून जिंकलं तर दोनशे परत; यात जिंकायची शक्यता ५० टक्के धरलेली. बॉलर गेल्यावर खरी शक्यता ५४ झाली असं मान. २.०० ला शंभर लावले तर सरासरी १०८ परत येतात. पण टॉस होईस्तोवर भाव १.८० वर उतरला. आता १.८० गुणिले ५४, म्हणजे ९७ रुपये. टीम तीच, बातमी तीच, पण दर शंभरामागे तीन रुपये तोटा.

आपल्याकडे पानठेल्यावर बातमी येते तेव्हा ती शिळी झालेली असते. तो बॉलर सरावात धावला नाही, हे मैदानात बसलेल्यांनी आधीच पाहिलेलं असतं. भाव तेव्हाच हलतो. टॉसला, मॅचच्या अर्धा तास आधी, फक्त शिक्का बसतो. उलट, ज्याची शंका होती तो खेळला तर भाव झपकन माघारी येतो.

नवखे दोन चुका करतात:
- बातमी कळली की भाव न पाहताच आकडा लिहितात.
- मोठं नाव गेलं की मोठा फरक धरतात. बदली खेळाडू कोण, हे कोणी पाहतच नाही!

महिनाभर सकाळचा आणि टॉसनंतरचा भाव शेजारी लिही. वहीतच बरं का; २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैसे लावायला बंदी आहे, अन् गावातला सट्टाही गुन्हाच.